धावती सुरुवात: रिलेतला वेळ नेमका कुठे वाचतो?

रिओ ऑलिंपिकमध्ये १९ ऑगस्ट २०१६ रोजी पुरुषांच्या ४ × १०० मीटर रिलेची अंतिम शर्यत झाली. जपानने ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. यामागाता, इइझुका, किर्यू आणि केंब्रिज या चौघांपैकी एकानेही तोवर १०० मीटर दहा सेकंदांच्या आत पूर्ण केलेले नव्हते. त्यांच्या तोपर्यंतच्या वैयक्तिक सर्वोत्तम वेळा अनुक्रमे १०.०५, १०.२२, १०.०१ आणि १०.१० सेकंद होत्या. बेरीज ४०.३८ येते, आणि रिलेत लागलेला वेळ तिच्यापेक्षा २.७८ सेकंदांनी कमी आहे. हा चमत्कार एकट्या जपानचा नव्हे. लंडनमध्ये २०१२ साली जमैकाने ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा कार्टर, फ्रेटर, ब्लेक आणि बोल्ट यांच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज ३८.९९ होती. म्हणजे तिथेही २.१५ सेकंद वाचले. चार माणसे चार वेळा १०० मीटर धावतात आणि एकूण अंतर तेच राहते, तरी वेळ दोन-पावणेतीन सेकंदांनी घटतो. याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते: बॅटन घेणारा उभा राहत नाही, तो आधीच धावू लागलेला असतो. पण या धावत्या सुरुवातीतून किती वेळ वाचतो, तो कोणत्या मीटरात वाचतो आणि शेवटचे काही शतांश वाचवण्यासाठी काय पणाला लावावे लागते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडला की एक गोष्ट लक्षात येते. फायद्याचा मोठा भाग पहिल्या काही मीटरांतच हाती लागतो आणि तो मिळवण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो उरलेल्या थोड्या फायद्यात.

आधी उभ्या सुरुवातीची किंमत पाहू. यासाठी बर्लिनमधली २००९ सालची उसेन बोल्टची ९.५८ सेकंदांची शर्यत सोयीची आहे, कारण तिचे वीस-वीस मीटरांचे वेळ नोंदवले गेले आहेत. बोल्टने पहिले २० मीटर २.८९ सेकंदांत पार केले. पुढचे वीस-वीस मीटरांचे टप्पे १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंदांत झाले. बंदुकीचा आवाज झाल्यापासून त्याचे शरीर हलेपर्यंत ०.१४६ सेकंद गेले होते. ते वजा केले तरी पहिल्या २० मीटरांना २.७४ सेकंद लागले, तर पूर्ण वेगात तेवढेच अंतर १.६१ सेकंदांत झाले. म्हणजे पहिल्या वीस मीटरांतच १.१३ सेकंदांची तूट पडली. हा सारा वेळ शरीराला स्थिर अवस्थेतून वेगात आणण्यासाठी खर्च झाला. जगातल्या सर्वांत वेगवान माणसालाही ही किंमत चुकली नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या शर्यतीतून पडताळता येते. त्याच स्पर्धेत बोल्टने २०० मीटर १९.१९ सेकंदांत पूर्ण केले. पहिल्या शंभर मीटरांना ९.९२ सेकंद लागले आणि दुसऱ्या शंभर मीटरांना ९.२७. पहिला भाग वळणावर होता आणि दुसरा सरळ, हा फरक धरावा लागेल. पण दुसरा भाग थकलेल्या पायांनी धावला होता, हेही विसरता येत नाही. थकवा असूनही दुसरे शतक ०.६५ सेकंदाने जलद झाले, कारण त्याची सुरुवात शून्य वेगापासून झाली नव्हती. रिलेतला दुसरा, तिसरा आणि चौथा धावपटू याच लाभाचे वाटेकरी असतात. त्यांचे ‘शतक’ चालू होते तेव्हा त्यांचे पाय ताजे असतात आणि वेगही अंगात आलेला असतो.

इथे एक रास्त शंका निघते. दुसरा धावपटूही शेवटी उभ्याचाच धावू लागतो. वेग घेण्याचे कष्ट त्यालाही पडतात आणि त्यात वेळही जातो. मग वाचते काय? उत्तर असे की रिलेचे घड्याळ धावपटूचे नसते, बॅटनचे असते. घेणारा वेग पकडत असतो त्या तीन सेकंदांत बॅटन देणाऱ्याच्या हातात असते आणि पूर्ण वेगाने पुढे सरकत असते. एकाची तयारी आणि दुसऱ्याची धाव एकाच वेळी चालतात, म्हणून तयारीचा वेळ शर्यतीच्या खात्यात पडत नाही. नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. बदल वैध की अवैध, हे बॅटन झोनच्या आत होती की बाहेर यावरून ठरते. धावपटूचे पाय कुठे होते यावरून नाही. पूर्वी हा झोन २० मीटरांचा होता. पुढे त्याच्या अलीकडे दहा मीटर जागा देण्यात आली. तिथून धाव सुरू करता येई, पण बॅटन घेता येत नसे. २०१७ च्या अखेरीस झालेल्या नियमबदलाने हे दोन्ही भाग जोडून एकच ३० मीटरांचा झोन झाला. पहिल्या बदलासाठी तो शर्यतीच्या ८० व्या मीटरपासून ११० व्या मीटरपर्यंत असतो. घेणारा धावपटू ८० व्या मीटरजवळ उभा राहतो आणि १०० ते १०५ व्या मीटरच्या दरम्यान बॅटन घेण्याचा प्रयत्न करतो.

आता हिशेब करू. माणूस जोरात धावू लागला की त्याचा वेग आधी झपाट्याने वाढतो आणि मग मंदावत मंदावत कमाल पातळीला भिडतो. नोबेलविजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये धावपटूंच्या वेगाचे असेच वर्णन केले होते. शेवटच्या टप्प्यातला थकवा त्यात येत नाही, पण सुरुवातीपुरते ते आजही उपयोगी पडते. आपण चांगल्या राष्ट्रीय दर्जाचा, साधारण साडेदहा सेकंदांत १०० मीटर धावणारा एक धावपटू घेऊ. त्याचा कमाल वेग सेकंदाला ११ मीटर. या वेगाने १०० मीटरांना ९.०९ सेकंद लागतील. सुरुवातीची तूट १.२५ सेकंद धरू आणि बंदुकीला प्रतिसाद द्यायला ०.१५ सेकंद. बेरीज १०.४९ येते. असे चार सारखे धावपटू घेतले आणि घेणारा प्रत्येक जण रेषेवर उभा राहून बॅटन घेत असेल, तर प्रतिसादाचा वेळ एकदाच धरूनही एकूण साडेएकेचाळीस सेकंद होतात. यात देणाऱ्याला थांबण्यासाठी आधीपासून वेग कमी करावा लागेल, तो तोटा अजून धरलेलाच नाही.

धावत्या सुरुवातीत काय होते? या धावपटूला पहिले १० मीटर पार करायला सुमारे १.८८ सेकंद लागतात आणि तिथे त्याचा वेग साडेआठ मीटर असतो. २० मीटरांना २.९५ सेकंद लागतात आणि वेग जवळपास १० मीटर झालेला असतो. दुसरीकडे देणारा शंभर-सव्वाशे मीटर धावून आलेला आहे, त्याचा वेग ११ वरून १० मीटरांपर्यंत उतरला आहे असे धरू. म्हणजे घेणाऱ्याने २० मीटर कापले की दोघांचे वेग समान होतात. त्याआधी बॅटन देणाऱ्याच्या हातात असलेली बरी, कारण तो अधिक वेगात आहे. त्यानंतर ती घेणाऱ्याच्या हातात असलेली बरी, कारण त्याचा वेग अजून वाढतो आहे आणि दुसऱ्याचा उतरतो आहे. बॅटन बदलण्याची योग्य जागा म्हणजे वेगाच्या दोन आलेखांचा छेदबिंदू, आणि या उदाहरणात तो झोन सुरू झाल्यापासून वीस मीटरांवर येतो. तिथे तीनही बदल झाले तर एकूण वेळ ३८.७ सेकंदांच्या आसपास राहतो. उभ्या बदलांच्या तुलनेत २.८ सेकंद, म्हणजे प्रत्येक बदलामागे सुमारे ०.९५ सेकंद वाचतात. वळणांवर कमी होणारा वेग यात धरलेला नाही, पण वाचलेल्या वेळाचा आवाका जपान आणि जमैका यांच्या आकड्यांशी जुळतो.

हे ०.९५ सेकंद त्या वीस मीटरांत समान वाटलेले नसतात, आणि खरी मेख इथेच आहे. समजा बदल वीसऐवजी पाच मीटरांवर झाला. उरलेले पंधरा मीटर घेणारा १.७१ सेकंदांत कापतो. देणाऱ्याने ते दीड सेकंदात कापले असते. तोटा फक्त ०.२१ सेकंदाचा. म्हणजे अवघ्या पाच मीटरांच्या धावेने ०.९५ पैकी जवळजवळ पाऊण सेकंद पदरात पडला. बदल दहा मीटरांवर झाला तर तोटा ०.०६ ते ०.०७ सेकंदाचा. पंधरा मीटरांवर झाला तर दीड शतांशाचा. आणि वीसऐवजी पंचवीस मीटरांवर झाला तर फरक एका शतांशाहूनही कमी. कारण उघड आहे. सुरुवातीचा प्रत्येक मीटर फार महाग असतो, कारण तो अगदी कमी वेगाने कापला जातो. तेवढे दोन-चार महाग मीटर बॅटनविना कापले की बहुतेक किंमत टळते.

याच आकड्यांतून आणखी एक गैरसमज दूर होतो. धावत असताना बॅटन देणे अवघड आणि उभ्याने घेणे सोपे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हात एकमेकांना भेटण्याची संधी दोघांच्या वेगातल्या फरकावर अवलंबून असते. घेणारा स्थिर असेल आणि देणारा सेकंदाला १० मीटरांनी येत असेल, तर हात पोचण्याजोगे एक मीटरभर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. तेवढ्या वेळात तळहात शोधून बॅटन नीट बसवणे जवळपास अशक्य. म्हणून देणाऱ्याला ब्रेक लावावा लागतो आणि वेळ दोन्हीकडून जातो. घेणारा दहा मीटर धावलेला असेल तर वेगातला फरक दीड मीटरांचा राहतो, आणि तेच एक मीटर अंतर संपायला सुमारे ०.७ सेकंद मिळतात. तेवढ्यात देणारा आवाज देतो, घेणारा हात मागे काढतो आणि बॅटन तळव्यात बसते. धावती सुरुवात वेळ वाचवते, आणि एका मर्यादेपर्यंत बदल सोपाही करते.

ती मर्यादा कुठे येते हे चेकमार्कच्या गणितातून कळते. घेणारा धावपटू आपल्या लेनमध्ये मागच्या बाजूला चिकटपट्टीची एक खूण लावतो. देणारा त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने मान वळवून पूर्ण ताकदीने सुटायचे आणि मागे पाहायचे नाही. नियमाप्रमाणे खूण एकच आणि पट्टी फार तर ५ बाय ४० सेंटिमीटरची लावता येते. ती किती मागे असावी? आपल्या उदाहरणात बदल वीस मीटरांवर हवा आहे. घेणाऱ्याला तिथे पोचायला २.९५ सेकंद लागतात, तेवढ्यात देणारा साडेएकोणतीस मीटर येतो. दोघांच्या ताणलेल्या हातांमुळे त्यांच्या शरीरांत मीटरभर अंतर चालते, म्हणून देणाऱ्याला एकोणीस मीटरांपर्यंतच पोचायचे आहे. वजाबाकी केली की खूण साडेदहा मीटर मागे येते. आता खूण ९.८ मीटरांवर लावली तर दोघे दहा मीटरांवरच भेटतात. १०.३५ मीटरांवर लावली तर पंधरा मीटरांवर भेटतात. आणि खूण साडेदहा मीटरांच्या पुढे गेली, किंवा घेणारा तेवढा आधी सुटला, तर ते भेटतच नाहीत, कारण वेग समान झाल्यावर दोघांतले अंतर घटायचे थांबते आणि नंतर वाढू लागते. सुरक्षित बदल आणि आदर्श बदल यांच्या खुणांत अवघे ७० सेंटिमीटर आहेत. देणारा ते अंतर सेकंदाच्या सात शतांशांत पार करतो.

म्हणजे धोका दोन्ही बाजूंना सारखा नाही. घेणारा उशिरा सुटला तर जितके शतांश उशीर झाला तितकेच शतांश शर्यतीत गमावले जातात, त्याहून अधिक नाही. तो लवकर सुटला तर आदर्श बिंदूच्या पलीकडे काहीच मिळत नाही. त्याला मागे पाहत वेग आवरावा लागतो किंवा बॅटन झोनबाहेर जाते आणि संघ बाद होतो. उशिराची शिक्षा मोजून-मापून मिळते, घाईची शिक्षा एकदम. म्हणून शहाणा संघ खूण आदर्श जागी लावत नाही. आपल्या धावपटूंच्या सुटण्यात जेवढा फरक पडतो तेवढी ती आदर्श जागेच्या अलीकडे ठेवतो. धावपटू कधी तीन शतांश लवकर आणि कधी तीन शतांश उशिरा सुटत असेल, तर खूण तीस सेंटिमीटर जवळ ओढणे ही भीती नव्हे, साधा हिशेब आहे. गाठ पडण्याची शक्यता त्याने जवळपास पक्की होते आणि किंमत सरासरी तीन शतांशांची पडते.

मोठ्या संघांची अपयशे याच चौकटीत समजतात. बीजिंगमध्ये २००८ साली अमेरिकेच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांच्या हातून प्राथमिक फेरीतच शेवटच्या बदलात बॅटन निसटली. रिओच्या त्याच अंतिम शर्यतीत अमेरिकेचे पुरुष ३७.६२ सेकंदांत तिसरे आले, पण पहिल्या बदलात बॅटन झोन सुरू होण्याआधीच दुसऱ्याच्या हाताला लागल्याचे दिसले आणि कांस्यपदक कॅनडाकडे गेले. तिथे चूक उशिराच्या बाजूची होती: देणारा फार जवळ आला आणि बदल वेळेआधी झाला. दहा मीटरांची आधीची जागा वेगळी धरली जात होती तोवर ही चूक शक्य होती. ३० मीटरांच्या अखंड झोनने तिचा धोका बराच कमी केला आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली मात्र उलटे घडले. पहिल्या बदलात अमेरिकेचा घेणारा बेडनारेक लवकर सुटला, मागून येणाऱ्या कोलमनला तो गाठता येईना, आणि संघ बाद झाला. सुवर्णपदक ३७.५० सेकंदांत कॅनडाने जिंकले. आणि ज्या जपानचे उदाहरण सुरुवातीला घेतले, त्याच जपानचा पहिला बदल २०२१ साली टोकियोच्या अंतिम शर्यतीत झालाच नाही. संघाला शर्यत पूर्ण करता आली नाही. बदलांत इतका मुरलेला संघसुद्धा त्या ७० सेंटिमीटरांच्या काठावर उभा असतो.

मग एक आक्षेप असा येऊ शकतो की एवढी जोखीम असेल तर उभ्यानेच बॅटन घ्यावी. आकडे हा आक्षेप मान्य करत नाहीत. उभ्या बदलात दर खेपेला ०.९५ सेकंद जातात, त्यावर ब्रेक लावण्याचा तोटा वेगळा. तीन बदलांचे मिळून जवळपास तीन सेकंद, म्हणजे या वेगात तीस मीटरांचे अंतर. तेवढी पिछाडी कोणताही वेगवान शेवटचा धावपटू भरून काढू शकत नाही. जोखीम टाळायची असेल तर मधला मार्ग मोकळा आहे: दहा-बारा मीटरांवर बदल घेणे. त्यात फायद्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक मिळते आणि हातांना पुरेसा वेळही मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. धावत्या सुरुवातीमुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या धावपटूला १०० ऐवजी सव्वाशे मीटर धावावे लागते, मग थकव्यात फायदा विरून जात नाही का? काही भाग विरतो, आणि तो वरच्या हिशेबात धरला आहे. शेवटचे वीस मीटर ११ ऐवजी १० मीटर वेगाने धावले तर दर धावपटूमागे ०.१८ सेकंद जातात. पण त्या बदल्यात टळलेली तूट १.१३ सेकंदांची आहे. फायदा खर्चाच्या सहापट आहे, म्हणून शिल्लक भक्कम राहते.

तिसरा आक्षेप आकड्यांच्या तुलनेवरच आहे, आणि त्यात तथ्य आहे. वैयक्तिक सर्वोत्तम वेळांच्या बेरजेतून रिलेचा वेळ वजा करून आलेला आकडा निखळ धावत्या सुरुवातीचा नसतो. त्या बेरजेत चार वेळा बंदुकीला दिलेला प्रतिसाद आहे, रिलेत तो एकदाच असतो. तीन प्रतिसादांचे मिळून अर्ध्या सेकंदाच्या जवळपास होतात. उलट बाजूला, सर्वोत्तम वेळ ही आयुष्यातल्या एखाद्या दिवसाची असते, अनेकदा पाठीमागून वारा असतानाची. रिलेच्या दिवशी प्रत्येक जण तेवढ्या तयारीत असतोच असे नाही. पहिला आणि तिसरा धावपटू वळणावर धावतो, तर १०० मीटरची शर्यत सरळ होते. त्यामुळे जमैकाचे २.१५ आणि जपानचे २.७८ हे आकडे शेजारी ठेवून जपानचे बदल ०.६३ सेकंदाने सरस होते असे म्हणणे घाईचे ठरेल. एवढे मात्र म्हणता येते की एकाच संघाच्या बाबतीत हा फरक हंगामागून हंगाम वाढत गेला आणि धावपटूंचा वेग तोच राहिला, तर सुधारणा झोनमध्ये झाली आहे.

जपानच्या पद्धतीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण धावती सुरुवात म्हणजे पायांचाच खेळ नाही हे तिच्यातून दिसते. बहुतेक संघ वरून किंवा समोर ढकलून बॅटन देतात. घेणारा हात मागे खांद्याच्या उंचीपर्यंत ताणतो, त्यामुळे दोघांतले अंतर वाढते आणि तेवढे अंतर बॅटन कोणाच्याही पायांविना कापते. पण हात ताणून धावताना घेणाऱ्याची लय बिघडते, आणि नेमकी वेग वाढत असतानाच. जपानने खालून वर देण्याची पद्धत जोपासली. तीत हात कमरेजवळ, धावण्याच्या नेहमीच्या हालचालीतच राहतो. दोघांना अधिक जवळ यावे लागते, म्हणजे हातांचे फुकटचे अंतर कमी मिळते, पण घेणाऱ्याचा वेग चढताना अडखळत नाही. दोन्ही पद्धतींत काही मिळते आणि काही जाते. यांतली एक सर्वांसाठी श्रेष्ठ असे ठरवता येत नाही. निकष एकच: बॅटन हाती आल्याच्या क्षणी घेणाऱ्याचा वेग किती होता.

४ × ४०० मीटरमध्ये तेच तत्त्व वेगळे रूप घेते. तिथे देणारा ४०० मीटर धावून दमलेला असतो आणि त्याचा वेग बराच उतरलेला असतो. घेणारा काही मीटरांतच त्याच्या बरोबरीला येतो, म्हणून छेदबिंदू फार अलीकडे सरकतो. देणारा किती थकला असेल याचा आधी अंदाज येत नाही, त्यामुळे ठरलेल्या खुणेवर डोळे झाकून सुटणे घातक ठरते. घेणारा मागे पाहत, देणाऱ्याच्या वेगाप्रमाणे आपला वेग जुळवत बॅटन घेतो. फायदा लहान, पण शून्य नव्हे, आणि तोही पहिल्या काही मीटरांतच मिळतो.

भारतात ४ × १०० चा पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३८.८९ सेकंदांवर गेला. तो मोडायला २०२५ साल उजाडले, चंदीगडला ३८.६९ सेकंदांची नोंद झाली. पंधरा वर्षांत दोन दशांश. एका बदलात घेणारा दहा मीटरांऐवजी पाच मीटरांवर बॅटन घेत असेल आणि दुसऱ्यात थोडा उशिरा सुटत असेल, तर एवढा वेळ सहज जातो. संघाला वेगवान धावपटू मिळायला वर्षे लागतात; झोनमधले दोन दशांश काही आठवड्यांच्या सरावात हाती येऊ शकतात.

शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षकांसाठी या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. धावपटूंचे स्वतंत्र वेळ घेऊन रिलेचा अंदाज बांधू नका. स्टॉपवॉच बॅटनवर लावा: ती झोनमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ गेला, तेवढेच मोजा. आपल्या उदाहरणातल्या संघाला तीस मीटरांना तीन सेकंद लागायला हवेत. तुमच्या संघाचा आकडा त्याच्या वेगाप्रमाणे बदलेल. तो वाढला की दोष कुठे आहे हे बदल कोणत्या मीटरावर झाला यावरून ओळखता येते. झोनच्या पहिल्या पाच मीटरांत बदल होत असेल आणि देणारा घेणाऱ्याच्या अंगावर येत असेल, तर खूण मागे सरकवा. देणारा हात पुढे करून धावतच राहत असेल आणि घेणारा वळून पाहत असेल, तर खूण जवळ आणा. एका वेळी अर्ध्या पावलाहून जास्त हलवू नका, कारण सगळा खेळ साठ-सत्तर सेंटिमीटरांचा आहे. नवशिक्या संघाने दहा ते पंधरा मीटरांवरचा बदल पक्का करावा आणि तिथेच थांबावे. त्याच्या पुढचे दीड-दोन शतांश ज्यांना पदकासाठी हवेत, त्यांनीच त्यांची किंमत मोजावी.